512 पत्त्यांचा अर्ज

आमच्या ग्राहकांपैकी एका पतसंस्थेला तीन शाखा एकमेकींशी जोडायच्या होत्या. तिन्ही शाखांना स्वतंत्र, न बदलणारा आयपी पत्ता हवा होता, आणि माझ्याकडे द्यायला एकच शिल्लक होता. 2021 सालची ही गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी केबल टीव्हीच्या धंद्यातून उभी राहिलेली छोटी इंटरनेट कंपनी आहे, तिचं नेटवर्क मी सांभाळते. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. परवाना सी वर्गाचा, म्हणजे सेवा आपल्या जिल्ह्यापुरती. घरगुती जोडण्या तेव्हा तीन हजारांच्या आसपास होत्या आणि या सगळ्यांच्या वाट्याला मिळून आमच्याकडे होते 32 पत्ते. तेही आमचे नव्हते. ज्या मोठ्या कंपनीकडून आम्ही बँडविड्थ घेतो, म्हणजे आमचा अपस्ट्रीम, त्यांनी ते वापरायला दिले होते.

"ताई, त्यांच्याकडूनच अजून शंभर घ्या की," अण्णा म्हणाले. मी विचारलं. तेवढे देता येणार नाहीत, असं उत्तर आलं. थोडेफार मिळाले असते, पण दर महिन्याला प्रत्येक पत्त्याचं वेगळं भाडं. शिवाय अडचण नुसत्या संख्येची नव्हती. पत्ते त्यांचे असल्यामुळे उद्या अपस्ट्रीम बदलायचा म्हटलं, तर प्रत्येक कायम पत्त्याच्या ग्राहकाकडे जाऊन त्याची यंत्रणा नव्यानं लावावी लागली असती.

आधी हे 32 पत्ते कसे पुरत होते ते सांगते, कारण पुढच्या अर्जात सगळा युक्तिवाद त्यावरच उभा होता. घरगुती ग्राहकांना खरा सार्वजनिक पत्ता मिळतच नव्हता. त्यांना आतला पत्ता द्यायचा आणि बाहेर पडताना एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं उभी करायची, याला सीजीनॅट म्हणतात. आतल्या बाजूसाठी 2012 मध्ये 100.64.0.0/10 हा खास पट्टा राखून ठेवला गेला, त्यात सुमारे 42 लाख पत्ते आहेत आणि जगातली कोणतीही कंपनी ते आपापल्या जाळ्यात वापरू शकते. बाहेरच्या बाजूला मात्र वाटणी करावी लागते. एका पत्त्यावर पोर्ट, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या जोडण्या वेगळ्या ओळखायचे क्रमांक, 65,536 असतात, पहिले 1,024 बाजूला ठेवले तर 64,512 उरतात. आमच्या 32 पैकी फक्त 8 पत्ते सीजीनॅटसाठी मोकळे होते. संध्याकाळी दोन हजार घरं एकाच वेळी चालू असायची, म्हणजे एका पत्त्यामागे 250 घरं, आणि एका घराच्या वाट्याला जेमतेम 258 पोर्ट. तीन-चार मोबाइल, एक टीव्ही आणि एक लॅपटॉप असलेलं घर तेवढे पोर्ट सहज संपवतं.

पोर्ट संपल्याची खूण मोठी फसवी असते. ग्राहक तक्रार करतो, आपला माणूस घरी जातो, स्पीडटेस्ट लावतो आणि वेग पूर्ण भरतो. स्पीडटेस्टला मोजक्याच जोडण्या लागतात, म्हणून तिथे काही दिसत नाही. पण बातम्यांचं पान उघडलं की मजकूर येतो आणि निम्मी छायाचित्रं येत नाहीत. व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, दुसऱ्यांदा लावला की लागतो. सकाळी सगळं ठीक, रात्री आठ ते अकरा त्रास. असं चित्र दिसलं की फायबर आणि स्प्लिटर तपासत बसू नये, सीजीनॅटच्या यंत्रावर पोर्ट नाकारल्याचा आकडा बघावा. आमच्याकडे तो रोज संध्याकाळी चढत होता.

म्हणून ठरलं की स्वतःचा ब्लॉक घ्यायचा. अण्णांनी तेव्हा जो प्रश्न विचारला तो अगदी योग्य होता: पत्ते म्हणजे नुसते आकडे, मग ते संपतात कसे?

इंटरनेटचा जुना पत्ता, म्हणजे आयपीव्ही4, 32 बिटांचा आहे. 1981 मध्ये त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला आणि 1 जानेवारी 1983 पासून अमेरिकेतल्या अर्पानेटवर तो सक्तीनं लागू झाला. 32 बिटांत एकूण 4,29,49,67,296 पत्ते बसतात. विद्यापीठं, लष्कर आणि संशोधनसंस्था एवढ्यांसाठीच जाळं होतं, तेव्हा हा आकडा कधी संपेल असं वाटायचं कारण नव्हतं. खरी गडबड वाटपाच्या मापांत होती. पत्ते तीनच मापांत मिळायचे: सी वर्गात 256, बी वर्गात 65,536 आणि ए वर्गात 1,67,77,216. वाण्याकडे साखर पाव किलोच्या पुडीत, 64 किलोच्या पोत्यात किंवा थेट 16 टनांच्या ट्रकमध्येच मिळावी, मधलं काही नाहीच, तसं हे होतं. प्रमाणही नेमकं तेच. हजार संगणक असलेल्या संस्थेला पुडी पुरायची नाही, मग ती पोतं उचलायची आणि त्यातलं बहुतेक पडून राहायचं. ज्यांनी त्या काळात ट्रक मागितला त्यांना ट्रकही मिळाला. आयबीएम, एचपी, ॲपल, फोर्ड, एमआयटी अशा प्रत्येकाकडे एक-एक ए वर्ग, म्हणजे पावणेदोन कोटींच्या जवळपास पत्ते गेले.

1993 मध्ये ही तीन मापं मोडली आणि दोनाच्या पटीत हव्या त्या आकाराचा तुकडा देता यायला लागला. /24 म्हणजे 256, /23 म्हणजे 512, /22 म्हणजे 1,024 ही आजची भाषा तेव्हापासूनची. तिरप्या रेघेनंतरचा आकडा एकानं कमी झाला की पत्ते दुप्पट होतात. या बदलानं संपण्याची तारीख बरीच पुढे ढकलली गेली, पण आधी दिलेलं परत आलं नाही. त्या काळच्या वाटपाला आजच्यासारखा करारच नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठानं 2000 साली आपला ए वर्ग आपणहून परत केला, असं करणारे थोडेच. एमआयटीनं 2017 मध्ये आपल्यातला मोठा भाग विकला.

आणखी एक मोठा तुकडा तर कुणालाच मिळालेला नाही. 240 पासून पुढचे सुमारे 26.8 कोटी पत्ते 'भविष्यासाठी' राखून ठेवले होते. ते आता वापरायला काढावेत असं अनेकदा सुचवलं जातं. पण कित्येक वर्षांची राउटर आणि ऑपरेटिंग सिस्टिम या पट्ट्यातलं पॅकेट दिसलं की टाकून देतात, तसंच त्यांत लिहिलेलं आहे. असा पत्ता मी ग्राहकाला दिला तर त्याचं निम्मं जग बंद राहील. म्हणजे राखून ठेवलेलं कामाला आलं नाही, वाया गेलं.

वाटपाची उतरंड अशी आहे. वर आयाना, तिच्याकडे सगळा साठा. तिच्याखाली पाच प्रादेशिक रजिस्ट्री: युरोप आणि पश्चिम आशियासाठी राइप, उत्तर अमेरिकेसाठी एरिन, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक, आफ्रिकेसाठी आफ्रिनिक आणि आपल्या आशिया-प्रशांत भागासाठी एपनिक, जिचं कार्यालय ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आहे. आयाना या पाच जणींना /8 च्या मापानं, म्हणजे जुन्या ए वर्गाएवढे ब्लॉक द्यायची. रजिस्ट्री त्याचे लहान तुकडे करून इंटरनेट कंपन्यांना आणि संस्थांना देते. एपनिकच्या क्षेत्रातल्या काही देशांत आणखी एक पायरी आहे, राष्ट्रीय रजिस्ट्रीची. जपान, चीन, कोरिया, व्हिएतनाम यांच्याप्रमाणे भारतातही 2012 पासून ती आहे. तिचं लांबलचक नाव इंडियन रजिस्ट्री फॉर इंटरनेट नेम्स अँड नंबर्स, आम्ही सगळे तिला 'इरिन' म्हणतो. दिल्लीची निक्सी ही संस्था ती चालवते. आमचा अर्ज इरिनकडे जाणार होता, पण नियम एपनिकचेच.

31 जानेवारी 2011 ला आयानानं एपनिकला दोन /8 दिले आणि साठ्यात नेमके पाच उरले. आधीच ठरलेल्या नियमानुसार 3 फेब्रुवारीला ते पाचही, प्रत्येक रजिस्ट्रीला एक, असे वाटून टाकले. वरचं कोठार त्या दिवशी रिकामं झालं. एपनिकच्या वाट्याला 103 ने सुरू होणारा /8 आला. आशियात तेव्हा मोबाइल आणि ब्रॉडबँडचा जोर होता, त्यामुळे एपनिकचा बाकीचा साठा 15 एप्रिल 2011 पर्यंत आटला. राइपला तीच वेळ सप्टेंबर 2012 मध्ये आली, तर सप्टेंबर 2015 मध्ये एरिनचा मोकळा साठा पूर्णच संपला.

एपनिकनं 103 च्या ब्लॉकबद्दल जो निर्णय घेतला तो मला आजही फार शहाणपणाचा वाटतो. या /8 मधून कोणालाही, कितीही मोठी कंपनी असली तरी, एकदाच आणि जास्तीत जास्त /22 मिळेल, असं ठरलं. एका /8 मध्ये 16,384 इतके /22 बसतात. म्हणजे तेवढ्या नव्या संस्थांना दार उघडं राहिलं. फेब्रुवारी 2019 मध्ये ही मर्यादा /23 वर आणली, म्हणून आमच्या नशिबी 1,024 ऐवजी 512 आले. पण हा नियम नसता, तर 2011 मध्येच एखाद-दोन मोठ्या दूरसंचार कंपन्यांनी सगळा ब्लॉक घेतला असता आणि त्यांना गरजही खरीच दाखवता आली असती. दहा वर्षांनी तालुक्याच्या गावातून अर्ज करणाऱ्यासाठी पत्ते शिल्लक होते, ते कुणीतरी तेव्हा हात आखडता घेतल्यामुळे.

दुसरा मार्ग बाजाराचा. ज्यांच्याकडे जास्तीचे पत्ते आहेत त्यांच्याकडून हस्तांतर करून घेता येतात. 2011 मध्ये दिवाळखोर नॉर्टेलचे 6,66,624 पत्ते मायक्रोसॉफ्टनं 75 लाख डॉलरला घेतले, तेव्हा एका पत्त्याला 11 डॉलरपेक्षा थोडे जास्त पडले होते. आम्ही चौकशी केली तेव्हा भाव त्याच्या कितीतरी पट झाला होता. 512 पत्त्यांची रक्कम रुपयांत मांडली आणि अण्णांनी कागद परत माझ्याकडे सरकवला.

मग अर्जाला लागले. इरिनकडे आधी सदस्य व्हावं लागतं, त्यांच्या भाषेत ॲफिलिएट. कंपनीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, दूरसंचार खात्याचा परवाना, सहीचे अधिकार कोणाला आहेत त्याचा ठराव आणि करारपत्र. ही कागदपत्रं कोणत्याही सरकारी कामासारखीच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वार्षिक शुल्क ब्लॉकच्या आकारावर असतं आणि ते दरवर्षी भरावं लागतं. थकलं तर पत्ते परत घेण्याची तरतूद करारात आहे. पत्ते विकत मिळत नाहीत, वापरायला मिळतात, ही गोष्ट अण्णांना पटवायला थोडा वेळ लागला.

खरा अर्ज तांत्रिक भागात असतो. एपनिकचा निकष असा: /24 एवढे पत्ते तुम्ही अपस्ट्रीमकडून घेऊन वापरलेले असावेत किंवा /24 ची गरज आत्ताच आहे हे दाखवावं, आणि /23 वर्षभरात कसा वापराल याची तपशीलवार योजना द्यावी. 'ग्राहक वाढत आहेत' एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक तुकडा कुठे जाईल ते मांडावं लागतं.

पहिला /24 मी असा मांडला. 128 पत्ते कायम पत्ता मागणाऱ्या ग्राहकांना. 64 सीजीनॅटला. 32 बाहेरच्या बाजूच्या राउटरना, व्हीपीएनला आणि नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या सर्व्हरना. 16 डीएनएस आणि मेलच्या सर्व्हरना, आणि 16 लीज लाइनच्या जोडण्यांना. बेरीज 256. सीजीनॅटचे 64 कसे आले, तर एका घराला 1,000 पोर्ट धरले. 64,512 भागिले 1,000, म्हणजे एका पत्त्यामागे 64 घरं, आणि 64 पत्त्यांमागे 4,096 घरं. तीन हजार आज आणि वर्षाची वाढ धरून हे बसत होतं. दुसरा /24 शेजारच्या तालुक्यात उभ्या राहत असलेल्या केंद्रासाठी, तशाच वाटणीनं, पण वाढीसाठी थोडी जास्त जागा सोडून.

अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याला होस्टमास्टर म्हणतात. त्यांच्याकडून प्रश्न आले, आणि ते वाचून मला बरं वाटलं, कारण कुणीतरी योजना ओळीनं वाचली होती. 128 कायम पत्त्यांचे ग्राहक कोण? मी यादी दिली: पतसंस्थेच्या शाखा, दोन रुग्णालयं, महाविद्यालय, सराफांची आणि पेट्रोल पंपांची कॅमेऱ्यांची यंत्रणा, साखर कारखान्याचे वजनकाटे. ज्यांची मागणी लेखी होती त्यांची पत्रं जोडली. आतल्या राउटरना खासगी पत्ते का चालणार नाहीत? चालतात, आणि टॉवरमधल्या लिंकवर तेच होते. ते 32 फक्त बाहेरून दिसायलाच हवीत अशा यंत्रांचे, हे आकृतीवर खुणा करून दाखवलं. दुसऱ्या तालुक्याचं केंद्र कागदावर आहे की खरं? त्यासाठी ओएलटी आणि राउटरच्या खरेदीची बिलं पाठवली. नेटवर्कची आकृती, बिलांवरची यंत्रं आणि पत्त्यांचा तक्ता ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. तपासणारा माणूस नेमकं तेच बघतो. आकृतीत दोन राउटर आणि तक्त्यात चार, असं असेल तर प्रश्नांची एक फेरी वाढते.

त्याच अर्जाबरोबर एएस नंबरही मागितला. आपले पत्ते जगाला जाहीर करायचे, तर आपलं जाळं स्वतंत्र म्हणून ओळखणारा हा क्रमांक लागतो, आणि त्यासाठी दोन अपस्ट्रीमशी जोडणी आहे किंवा लवकरच होणार आहे हे दाखवायचं असतं. दुसऱ्या अपस्ट्रीमच्या कराराची प्रत जोडली. हे एएस नंबरही एके काळी 16 बिटांचे होते आणि संपत आले होते. मग 2007 पासून 32 बिटांचे द्यायला सुरुवात झाली आणि तो प्रश्न फारसा गाजावाजा न होता मिटला. कारण एएस नंबर फक्त कंपन्यांच्या राउटरना समजावा लागतो. पत्त्याची लांबी बदलायची तर जगातल्या प्रत्येक यंत्राला, प्रत्येक सॉफ्टवेअरला ती समजावी लागते. आयपीव्ही6 या नव्या, लांब पत्त्याला इतकी वर्षं लागत आहेत त्याचं मोठं कारण हेच.

मंजुरी आली आणि 103 मधला /23 आमच्या नावावर नोंदला गेला. पहिलं काम म्हणजे नोंद तपासणं. इथे खरा आकडा देत नाही, मधला भाग X ठेवते.

```
whois -h whois.apnic.net 103.X.44.0
```

उत्तरात दोन ओळी बघायच्या. `status` पुढे `ALLOCATED PORTABLE` किंवा `ASSIGNED PORTABLE` असेल, तर पत्ते तुमच्याबरोबर कुठेही येतात. अपस्ट्रीमकडून मिळालेल्या पत्त्यांपुढे `NON-PORTABLE` असतं. दुसरी ओळ `mnt-by`, तिथे `MAINT-IN-IRINN` दिसलं, म्हणजे नोंद इरिनच्या ताब्यात आहे. मी ते पान अण्णांना दाखवलं. कंपनीचं नाव आणि गावाचा पिनकोड जगाच्या नोंदवहीत बघून त्यांनी त्याचा छापील कागद मागून घेतला.

पण नोंद झाली म्हणजे पत्ते चालू झाले असं नाही. रजिस्ट्री फक्त नोंद ठेवते. वाहतूक तुमच्याकडे यायला हवी तर तुम्ही स्वतः बीजीपीनं, म्हणजे जाळी एकमेकांना मार्ग सांगतात त्या पद्धतीनं, जाहीर करायचं, की हे पत्ते इथे आहेत, आणि अपस्ट्रीमनं ते पुढे सांगायचं. अपस्ट्रीम आधी अधिकारपत्र मागतो. त्याशिवाय आजकाल आरओए लागतो: हे पत्ते कोणत्या एएस नंबरवरून आणि किती बारीक तुकड्यांत जाहीर होऊ शकतात, याची सही केलेली नोंद. ती इरिनमार्फत करायची असते.

या बारीक तुकड्यांपाशी थांबून विचार करायला हवा. आमच्याकडे दोन अपस्ट्रीम होते आणि मला एक /24 एकीकडून, दुसरा दुसरीकडून यावा असं हवं होतं. समजा आरओए असा आहे:

```
103.X.44.0/23   maxLength 23
```

तर /23 जाहीर केला की तो वैध ठरतो. पण त्यातला /24 वेगळा जाहीर केला की तो 23 च्या मर्यादेपेक्षा बारीक म्हणून अवैध ठरतो, जरी पत्ते आणि एएस नंबर दोन्ही आपलेच असले तरी. मग जी नेटवर्क अवैध मार्ग टाकून देतात, तिथून तो /24 दिसत नाही आणि बाकीच्या जगातून व्यवस्थित दिसतो. अशी अर्धवट अडचण शोधायला फार त्रास होतो, कारण आपल्या बाजूनं सगळं हिरवं असतं. /23 असा एक, आणि दोन्ही /24 चे दोन, असे तीन आरओए मी केले. मर्यादा सरळ 24 लिहूनही भागतं, पण जे खरोखर जाहीर करतो तेवढंच नोंदवावं असं माझं मत आहे. /24 पेक्षा बारीक काही जाहीर करण्यात अर्थ नाही, बहुतेक जाळी ते घेतच नाहीत. म्हणूनच 256 पेक्षा लहान ब्लॉक स्वतंत्रपणे उपयोगी पडत नाही, आणि रजिस्ट्रीचं लहानात लहान मापही तेच आहे.

पहिल्या रात्री पत्ते जाहीर केले, दोन्हीकडून वाहतूक आली. मग जे हळूहळू दिसायला लागलं ते कुठल्याही अर्जात लिहिलेलं नव्हतं. काही संकेतस्थळांना आमचे ग्राहक दुसऱ्याच देशात आहेत असं वाटत होतं आणि एका वाहिनीच्या ॲपनं सामना दाखवायला नकार दिला. पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या कंपन्या आपापल्या याद्या ठेवतात, त्या रजिस्ट्रीच्या नोंदीपाठोपाठ लगेच बदलत नाहीत. त्यांच्यापैकी मोठ्यांकडे दुरुस्तीची विनंती पाठवली, काही आठवड्यांत बहुतेक ठीक झालं. पत्त्यांना आधीचा मालक असू शकतो, हेही लक्षात ठेवावं लागतं. म्हणून मेलचा सर्व्हर हलवण्यापूर्वी स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या स्पॅमहाउसच्या यादीत ब्लॉक शोधून घेतला. तिथे काही नव्हतं.

जुन्या पत्त्यांवरून नव्यावर ग्राहक हलवण्याचं काम मात्र संथपणे केलं. घरगुती ग्राहकांना काही कळलंच नाही, त्यांचा बाहेरचा पत्ता एका रात्रीत बदलला. कायम पत्त्याच्या प्रत्येक ग्राहकाकडे कुठेतरी जुना पत्ता हातानं लिहिलेला होता: डीव्हीआरच्या ॲपमध्ये, मुख्य कार्यालयाच्या फायरवॉलमध्ये, सॉफ्टवेअर देणाऱ्याच्या परवानगीच्या यादीत. दोन्ही पत्ते काही काळ समांतर चालू ठेवले आणि एकेकाला हलवलं. पतसंस्थेच्या तीन शाखा सगळ्यांत आधी जोडल्या.

सीजीनॅटचा आकडा दुसऱ्याच संध्याकाळी शून्यावर आला. पण एका पत्त्यामागे 64 घरं ही काही आनंदाची गोष्ट नाही, आणि ती कशी भोवते ते सांगायला हवं. एका घरातल्या मोबाइलमध्ये काही घाण शिरली आणि त्यातून भराभर विनंत्या गेल्या, तर संकेतस्थळ पत्ता अडवतं आणि बाकीच्या 63 घरांना कोडी सोडवत बसावं लागतं. त्याहून गंभीर बाब पोलिसांच्या पत्राची. फसवणुकीच्या गुन्ह्यात विचारणा येते, अमुक पत्ता अमुक वेळी कोणाकडे होता. पत्रात पोर्ट लिहिलेला नसेल, तर माझं खरं उत्तर 64 नावांचं असतं. आम्ही प्रत्येक घराला पोर्टचा ठरलेला गट देतो आणि गट दिल्या-घेतल्याची वेळ नोंदवतो. त्यामुळे नोंदी आटोक्यात राहतात आणि परवान्याच्या अटीप्रमाणे दोन वर्षं जपता येतात. पण समोरच्या संकेतस्थळानं पोर्टच नोंदवला नसेल, तर आमच्या नोंदींचा उपयोग निम्माच. असं पत्र आलं की मी प्रत्येक वेळी पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ मागून घेते, आणि तपास अधिकाऱ्यांना त्याचं कारण फोनवर समजावून सांगते. 64 घरांतल्या 63 निर्दोष लोकांची नावं एखाद्या गुन्ह्याच्या कागदावर जाऊ नयेत, यासाठी तो फोन करायलाच हवा.

/23 बरोबर आम्हाला आयपीव्ही6 चा /32 ब्लॉकही मिळाला. तिथे टंचाईचा प्रश्नच नाही. एकेका ग्राहकाला /56 दिला, तरी एका /32 मधून 1,67,77,216 ग्राहक बसतात. फक्त जुन्या पत्त्याचं यंत्र नव्या पत्त्याशी थेट बोलू शकत नाही, म्हणून दोन्ही समांतर चालवावे लागतात. तरी गूगल, यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स हे सगळे आयपीव्ही6 वर आहेत आणि घरगुती वाहतुकीचा मोठा वाटा त्यांचाच असतो. घरांमध्ये आयपीव्ही6 चालू केलं तसा सीजीनॅटवरचा भार दिसण्याइतका उतरला. अडलं ते घरातल्या जुन्या राउटरपाशी. त्यांतल्या कित्येकांना आयपीव्ही6 समजतच नाही आणि ग्राहकाला बदलायचं कारण दिसत नाही. आता नवी जोडणी देताना आयपीव्ही6 चालणारा राउटरच लावतो आणि तक्रारीला गेलेल्या माणसाला जुना राउटर दिसला तर तो बदलून येतो.

अण्णांनी मध्यंतरी विचारलं, की शेजारच्या जिल्ह्यातली एक कंपनी आमच्याकडच्या दुसऱ्या /24 ला चांगला भाव द्यायला तयार आहे, द्यायचा का? 103 च्या या ब्लॉकला पाच वर्षं हस्तांतराची बंदी आहे. राखून ठेवलेले पत्ते घेऊन लगेच बाजारात विकणारे निघाले, म्हणून एपनिकच्या सदस्यांनी तो नियम केला. मी तो त्यांना सांगितला. बंदी नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. या रजिस्ट्रीत 103 मधून पुन्हा काही मिळणार नाही, आमचा वाटा एकदाच होता. दुसऱ्या तालुक्यात आज तो /24 जवळजवळ भरला आहे: तिथल्या कायम पत्त्यांपैकी थोडेच उरले आहेत आणि ते मी रुग्णालयं आणि शाळांसाठी ठेवले आहेत. कॅमेऱ्यांच्या नव्या ग्राहकांना आधी आयपीव्ही6 वर चालणारा डीव्हीआर सुचवतो. घेतला तर कायम पत्त्याचं भाडं लावत नाही.